विम्याचा हप्ता थांबवताना : पगारकपातीपासून मँडेटपर्यंत

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील पगारपत्रके मी अजून जपून ठेवली आहेत. त्यांवर भविष्यनिर्वाह निधी, घराचे परवाना शुल्क, सोसायटीचा हप्ता अशा रकान्यांच्या शेजारी एक छोटीशी रक्कम दरमहा दिसते. ती आयुर्विम्याच्या हप्त्याची. 'सॅलरी सेव्हिंग्ज स्कीम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेखाली ती पगारातून परस्पर वजा होई. कर्मचाऱ्याच्या घरी हप्त्याची सूचना येत नसे आणि पावतीही येत नसे. पगारपत्रकावरचा तो आकडा हीच पावती.

एका सहकाऱ्याची बदली दूरच्या राज्यात झाली. जुन्या कार्यालयाने दिलेल्या अंतिम वेतन प्रमाणपत्रात विम्याच्या कपातीची नोंद करायची राहून गेली. नव्या कार्यालयाने जेवढे प्रमाणपत्रात होते तेवढेच कापले. सहकाऱ्याच्या हातात थोडा अधिक पगार पडू लागला. त्याने तो बदलीच्या भत्त्यांमधील फरक समजून सोडून दिला. पॉलिसी बंद पडल्याचे त्याला चौदा महिन्यांनी कळले, तेही कर्जासाठी तीच पॉलिसी तारण ठेवायला गेल्यावर. सुदैवाने तोवर काही विपरीत घडले नव्हते.

आज पगारकपातीची जागा बहुतांशी बँकेतील ऑटो-डेबिटने घेतली आहे. खाते बदलणे, बचत कमी पडणे, एखादी पॉलिसी नकोशी होणे, अशा कोणत्याही कारणाने आपण तो थांबवतो, आणि मोबाईलवर ते काम दोन मिनिटांत होते. थांबवण्याचा हक्क निर्विवादपणे आपला आहे. पण त्यानंतर पॉलिसीचे नेमके काय होते, हे ठरवणारे नियम गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत कायदे आणि न्यायनिवाडे यांच्या थरांतून घडत आले आहेत. तो इतिहास समजला म्हणजे नियमही समजतात, म्हणून हे लेखन. येथे मी फक्त आयुर्विम्याचा विचार करतो आहे. आरोग्यविम्याचे नियम वेगळे आहेत.

आरंभ १९३८ च्या विमा कायद्यापासून करावा लागेल. मुंबईत १८७० साली बॉम्बे म्युच्युअल आणि १८७४ साली ओरिएंटल या संस्था स्थापन झाल्या तेव्हापासून आयुर्विमा हा येथे मुख्यतः कंपनी आणि ग्राहक यांच्यातला खाजगी करार होता. हप्ता चुकला तर काय, याचे उत्तर त्या कराराच्या कागदावर जे छापले असेल ते. आयुर्विम्याचा हप्ता वर्षानुवर्षे सारखाच असतो, परंतु मृत्यूची शक्यता वयाबरोबर वाढत जाते. म्हणजे तरुणपणी आपण जोखमीच्या मानाने अधिक भरतो आणि ते आधिक्य कंपनीकडे साठत राहते. मधेच हप्ता थांबला आणि करार संपला असे म्हटले, तर हे साठलेले पैसे कोणाचे? कराराची भाषा कंपनीने लिहिलेली असल्यामुळे ते कंपनीकडे जाण्याचा धोका उघड होता.

१९३८ च्या कायद्याच्या कलम ११३ ने हा प्रश्न सोडवला. सलग तीन वर्षांचे हप्ते भरले गेले असतील तर पॉलिसीला हमखास सरेंडर मूल्य प्राप्त होईल. आणि पुढचे हप्ते न भरल्यास, करारात काहीही लिहिलेले असले तरी, ती पॉलिसी समूळ नष्ट न होता कमी झालेल्या विमारकमेपुरती जिवंत राहील, असे त्यात सांगितले. या स्थितीला आपण 'पेड-अप' म्हणतो. त्याच कायद्याच्या कलम ५० ने दुसरी जबाबदारी घातली: हप्ता चुकल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत विमाकंपनीने ग्राहकाला त्याच्यापुढील पर्यायांची सूचना द्यावी, पॉलिसीच्या कागदातच ते पर्याय नमूद असतील तर मात्र ही सूचना आवश्यक नाही. शेवटचे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. आजच्या पॉलिसीच्या दस्तऐवजात हे पर्याय छापलेले असतात. त्यामुळे 'मला कोणी कळवले नाही' हा बचाव दुबळा ठरू शकतो.

तीन वर्षांची ही अट पुढे सैल होत गेली. विमा नियामकाच्या २०१९ च्या विनियमांनी ती बऱ्याच पॉलिसींसाठी दोन वर्षांवर आणली. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तर पूर्ण एका वर्षाचा हप्ता भरला असल्यास पहिल्या वर्षाअखेरीस विशेष सरेंडर मूल्य द्यावे लागते. परंतु हे सर्व बचतीचा अंश असलेल्या पॉलिसींबद्दल झाले. निव्वळ मुदतीच्या विम्यात, म्हणजे ज्याला आपण टर्म प्लॅन म्हणतो त्यात, सामान्यतः सरेंडर मूल्यही नसते आणि पेड-अप अवस्थाही नसते. तेथे हप्ता थांबल्यावर सवलतीचे दिवस संपले की काहीच शिल्लक राहत नाही.

या सवलतीच्या दिवसांनाच 'ग्रेस पीरियड' म्हणतात. वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्यांसाठी तो ३० दिवसांचा, तर मासिक हप्त्यासाठी १५ दिवसांचा असतो. या दिवसांत विमा पूर्णपणे चालू असतो. विमाधारकाचा मृत्यू झालाच, तर थकलेला हप्ता वजा करून पूर्ण रक्कम वारसाला मिळते. मोजणी हप्त्याच्या देय तारखेपासून होते. आपण मँडेट रद्द केल्याच्या दिवसाशी किंवा बँकेत डेबिट परत गेल्याच्या दिवसाशी तिचा संबंध नाही. मासिक हप्त्याची सोय विमाकंपन्या बहुधा पगारकपात किंवा ऑटो-डेबिट असेल तरच देतात. म्हणजे ज्यांच्या हप्त्याचा भार यंत्रणेवर सोपवलेला आहे, त्यांनाच चूक लक्षात येण्यासाठी निम्मे दिवस मिळतात. सोयीसाठी वार्षिक हप्त्यावरून मासिक हप्त्याकडे वळणाऱ्याने हा हिशोब मनात ठेवावा.

आता पुन्हा पगारकपातीकडे वळू. कापणारा आणि पोचवणारा तिसराच असेल, तर त्याची चूक कोणाच्या माथी? हा प्रश्न दिल्ली विद्युत पुरवठा उपक्रमाच्या एका कर्मचाऱ्याच्या विधवेने उपस्थित केला आणि १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर दिले. उपक्रमाने हप्ते विमा महामंडळाकडे पोचते केले नव्हते. महामंडळाचे म्हणणे, हप्ता आला नाही म्हणून पॉलिसी बंद पडली. आणि मालक हा काही आमचा एजंट नव्हे. न्यायालयाने योजनेची घडण पाहिली. हप्त्याची सूचना कर्मचाऱ्याला जात नाही, पावती त्याला मिळत नाही, त्याचा सारा व्यवहार मालकाशीच आहे. अशा वेळी हप्ता गोळा करण्यापुरता मालक हा महामंडळाचाच एजंट ठरतो, आणि म्हणून महामंडळाने विम्याची रक्कम द्यावी, असा निर्णय झाला. २००५ साली दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली.

ऑटो-डेबिटचे वापरकर्ते पुष्कळदा नकळत याच संरक्षणाच्या भरवशावर असतात. परंतु येथे घडण उलटी आहे. मँडेट म्हणजे आपण आपल्याच बँकेला दिलेली आज्ञा: अमुक संस्थेने मागणी केली की माझ्या खात्यातून अमुक मर्यादेपर्यंत रक्कम द्यावी. पगारकपातीत मालकाला विमासंस्थेने उभे केलेले असे. येथे बँकेला आपण उभे केलेले असते. शिवाय डेबिट परत गेल्याचा संदेश आपल्याला येतो, पासबुकात नोंद दिसते. १९९९ च्या निकालाचा पाया कर्मचाऱ्याच्या अज्ञानात होता. तो पाया येथे राहत नाही. खात्यात पैसे नव्हते, किंवा आपणच मँडेट रद्द केले, तर हप्ता न भरल्याचा सर्व परिणाम आपलाच.

थांबवण्याच्या रीतीविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण येथे सर्वांत सामान्य चूक ही आहे की लोक काहीही रद्द करत नाहीत, फक्त खाते रिकामे ठेवतात. याने हप्ता थांबतो खरा, पण प्रत्येक परत गेलेल्या डेबिटमागे बँक शुल्क आकारते, आणि विमाकंपनी सवलतीच्या काळात पुन्हा मागणी पाठवू शकते. मधेच त्या खात्यात पगार जमा झाला की नको असलेला हप्ता निघून जातो. त्याऐवजी मँडेट कोणत्या प्रकारचे आहे हे आधी पाहावे. बँकेतील 'नाच' पद्धतीचे असेल, तर प्रत्येक मँडेटला यूएमआरएन नावाचा स्वतंत्र क्रमांक असतो. तो देऊन बँकेकडे लेखी किंवा नेटबँकिंगने रद्द करण्याची मागणी करावी आणि पोच घ्यावी. यूपीआयवरील ऑटो-पे त्याच ॲपमधून रद्द होते. कार्डावरील आणि यूपीआयवरील ई-मँडेटसाठी रिझर्व्ह बँकेची चौकट १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे अमलात आली. तीनुसार रक्कम वजा होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना मिळते आणि त्याच सूचनेवरून ते थांबवताही येते. यांपैकी कोणताही मार्ग घेतला तरी देय तारखेच्या पुरेसे आधी घ्यावा, कारण मागणीची यादी कंपनीकडून बँकेकडे काही दिवस अगोदरच गेलेली असू शकते. आणि विमाकंपनीला वेगळे कळवावे. बँकेला दिलेली आज्ञा मागे घेणे आणि पॉलिसी सोडून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मँडेट रद्द झाल्याने करार रद्द होत नाही, हप्त्याची देय तारीखही हलत नाही.

हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. समजा, एका प्राध्यापिकेने १० जून २०१६ रोजी वीस वर्षांची, पाच लाख रुपयांची, बचतीसह असलेली पॉलिसी घेतली. वार्षिक हप्ता २४,००० रुपये. जून २०२३ पर्यंत आठ हप्ते गेले. मे २०२४ मध्ये तिने पगाराचे खाते दुसऱ्या बँकेत नेले आणि जुने मँडेट रद्द केले. नवे करायचे राहून गेले. १० जून २०२४ चा हप्ता गेला नाही. सवलतीचा काळ १० जुलैपर्यंत. २ जुलैला तिचे काही बरेवाईट झाले असते, तर कुटुंबाला पाच लाख रुपये आणि साठलेला बोनस, वजा २४,००० रुपये, असे मिळाले असते. १० जुलै उलटल्यावर पॉलिसी पेड-अप झाली. वीसपैकी आठ हप्ते भरलेले, म्हणून विमारकमेचा आठ विसांश हिस्सा, अर्थात दोन लाख रुपये, आणि तोवर जमा झालेला बोनस, एवढेच संरक्षण उरले. मधल्या एका दिवसाने तीन लाखांचा फरक पडला. काही पॉलिसींमध्ये, काही वर्षांचे हप्ते भरलेले असल्यास, सवलतीच्या काळानंतरही ठरावीक महिन्यांपर्यंत पूर्ण विमा चालू ठेवणारे कलम असते. ते आपल्या कागदात आहे का, हे प्रत्येकाने स्वतः पाहावे. हीच पॉलिसी टर्म प्लॅन असती, तर १० जुलैनंतर हिशोबाला काही उरलेच नसते.

आता डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या हे लक्षात येते आणि ती पॉलिसी पुन्हा चालू करायचे ठरवते. यालाच पुनरुज्जीवन म्हणतात. २०१३ च्या विनियमांनी यासाठी दोन वर्षांची मुदत ठेवली होती. २०१९ मध्ये ती वाढवून, पहिल्या न भरलेल्या हप्त्याच्या तारखेपासून, बाजाराशी निगडित नसलेल्या पॉलिसींसाठी पाच वर्षे आणि युलिपसाठी तीन वर्षे करण्यात आली. आपल्या प्राध्यापिकेला म्हणून १० जून २०२९ पर्यंत अवधी आहे. तिला जून २०२४ आणि जून २०२५ असे दोन हप्ते, म्हणजे ४८,००० रुपये, त्यावरील व्याज आणि प्रकृतीविषयीचे निवेदन द्यावे लागेल. कंपनीला आवश्यक वाटल्यास वैद्यकीय तपासणीही. मधल्या काळात तिला मधुमेह झाला असेल तर तो सांगणे तिला बंधनकारक आहे, आणि तो ऐकून कंपनी वाढीव हप्ता मागू शकते वा नकारही देऊ शकते. पुनरुज्जीवनाच्या खास मोहिमा वेळोवेळी चालतात, त्यांत विलंबशुल्कात सूट मिळते; प्रकृतीच्या अटींत सूट सहसा मिळत नाही. पैसे भरले त्या क्षणी पॉलिसी जिवंत झाली असेही समजू नये. कंपनीने पुनरुज्जीवन मान्य करून तसे कळवल्यावरच ते लागू होते. तोवर ती रक्कम नुसती ठेव म्हणून पडून असते.

पुनरुज्जीवनाची किंमत मात्र व्याजावर संपत नाही, आणि हे समजण्यासाठी पुन्हा जुन्या निकालाकडे जावे लागते. १९४५ साली ओरिएंटल कंपनीने २५,००० रुपयांची एक पॉलिसी दिली. हप्ता न भरल्यामुळे ती बंद पडली, जुलै १९४६ मध्ये पुनरुज्जीवित झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विमाधारक मरण पावला. ऑक्टोबर १९४७ मध्ये कंपनीने, आजार लपवल्याच्या कारणावरून, दावा नाकारला. १९३८ च्या कायद्याचे कलम ४५ असे होते की पॉलिसी दिल्यापासून दोन वर्षे लोटल्यावर केवळ चुकीच्या माहितीच्या सबबीवर ती आव्हान देण्याजोगी राहत नाही. जाणूनबुजून, महत्त्वाच्या बाबतीत केलेली लबाडी कंपनीने सिद्ध करायला हवी. ही दोन वर्षे कोठून मोजायची, मूळ पॉलिसीपासून की पुनरुज्जीवनापासून? मिठूलाल नायक विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, मूळ पॉलिसी अमलात आली त्या दिवसापासून. त्या प्रकरणात लबाडी सिद्ध झाल्यामुळे दावेदार हरला. पण तत्त्व ग्राहकाच्या बाजूचे प्रस्थापित झाले, आणि पुढची अर्धशतकाहून अधिक वर्षे पुनरुज्जीवनामुळे जुन्या पॉलिसीचे वय पुसले जात नसे.

२०१५ च्या दुरुस्तीने कलम ४५ नव्याने लिहिले गेले. एका बाजूने ते ग्राहकाला अधिक अनुकूल झाले: मुदत तीन वर्षांची झाली, पण ती संपल्यावर लबाडीच्या आरोपावरूनसुद्धा पॉलिसीवर प्रश्न उपस्थित करता येत नाही. दुसऱ्या बाजूने, ही तीन वर्षे पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, पुनरुज्जीवनाची तारीख आणि जोडविमा घेतल्याची तारीख यांपैकी जी सर्वांत नंतरची असेल तिच्यापासून मोजायची, असे कायद्यातच लिहिले. १९६२ च्या निकालाने दिलेले संरक्षण अशा रीतीने संसदेने पुनरुज्जीवनापुरते काढून घेतले. आपल्या प्राध्यापिकेची २०१६ ची पॉलिसी २०१९ मध्येच या छाननीच्या पलीकडे गेली होती. डिसेंबर २०२५ मध्ये ती पुनरुज्जीवित झाली की डिसेंबर २०२८ पर्यंत पुन्हा छाननीखाली येते. एका विसरलेल्या मँडेटची ही खरी किंमत आहे, आणि ती कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

या मालिकेतील अखेरचा निकाल २०२१ चा आहे, आणि तो वाचताना मन अस्वस्थ होते. एका विमाधारकाचा ऑक्टोबर २०११ चा सहामाही हप्ता राहिला होता. ६ मार्च २०१२ रोजी त्याला अपघात झाला. ९ मार्चला थकलेला हप्ता भरला गेला. अपघाताचा उल्लेख केला गेला नाही. २१ मार्चला त्याचे निधन झाले. महामंडळाने मूळ विम्याचे ३,७५,००० रुपये दिले, पण तेवढाच अपघात-लाभ नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाची बाजू उचलून धरली: अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू नव्हती, आणि विम्याचा करार संपूर्ण प्रामाणिकपणाच्या पायावर उभा असतो. कायद्याच्या दृष्टीने यात खोट काढणे कठीण. पण त्या तीन दिवसांत इस्पितळाच्या बाहेर कोणीतरी जुन्या कागदांतून हप्त्याची पावती शोधत असेल, हे दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. ऑक्टोबर ते मार्च हे पाच महिने त्या घराच्या हाती होते, आणि बहुधा त्यांना ते ठाऊकही नव्हते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. १९३८ चा कायदा अशा ग्राहकासाठी लिहिला गेला होता, जो हप्ता स्वतः जाऊन भरत असे. तो थांबला तर जाणूनबुजून थांबला, किंवा पैशाअभावी थांबला. १९९९ च्या निकालासमोर असा ग्राहक होता, ज्याचा हप्ता दुसराच कोणी भरत होता आणि त्याला काही कळत नव्हते. आजचा ग्राहक या दोहोंच्या मधे उभा आहे. त्याला कळवले जाते, पण पन्नास संदेशांतील एक म्हणून. निर्णय त्याचा असतो, पण पुष्कळदा तो निर्णय बँकखात्याविषयीचा असतो, विम्याविषयीचा नसतो. नियमांना मात्र हा भेद दिसत नाही.

म्हणून ऑटो-डेबिट थांबवण्याचा विचार मनात आला, तर आधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मला हप्त्याचा मार्ग बदलायचा आहे, की पॉलिसी सोडायची आहे? मार्ग बदलायचा असेल, तर नवे मँडेट मंजूर झाल्याची खात्री होईपर्यंत जुने रद्द करू नये, आणि मधे देय तारीख आलीच तर तेवढा एक हप्ता हाताने भरून पावती घ्यावी. पॉलिसी सोडायची असेल, तर सरेंडर मूल्य किती आणि पेड-अप ठेवल्यास किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवावेत आणि घरात इतरांना दाखवून मगच ठरवावे. टर्म प्लॅन सोडताना नवा विमा हाती येईपर्यंत जुना चालू ठेवावा.

माझ्या त्या सहकाऱ्याने पुढे पॉलिसी पुनरुज्जीवित करून घेतली. तेव्हापासून दर बदलीच्या वेळी तो अंतिम वेतन प्रमाणपत्र हातात पडले की सही करण्याआधी कपातीचे रकाने बोटाने मोजत असे. आम्ही त्याला त्यावरून हसत असू. आता दर जूनमध्ये मीही पासबुक उघडून तेच करतो.